चार शुद्धिपत्रकं आली, आता नेमकं लागू काय? सद्यस्थिती टिपण करण्याची माझी पद्धत

प्रश्न: मी नागपुरात एका टेंडर कन्सल्टंटकडे काम करते. आमच्याकडून दहा-बारा ठेकेदारांना निविदांची माहिती जाते. एका पाणीपुरवठ्याच्या कामाला चार शुद्धिपत्रकं आली आणि दोनदा मुदतवाढ झाली. मी प्रत्येक शुद्धिपत्रक आलं की फॉरवर्ड करते, तरी ठेकेदार फोन करून विचारतात, "ताई, आता फायनल काय आहे?" सगळ्यांचं मिळून एकच टिपण कसं करायचं, आणि चूक होऊ नये म्हणून काय बघायचं?

उत्तर:

फॉरवर्ड करणं थांबवा, हे पहिलं. म्हणजे शुद्धिपत्रकाची पीडीएफ जरूर पाठवा, पण टिपणासोबत जोडून. नुसती पीडीएफ गेली की ठेकेदार त्यातली तारीख तेवढी वाचतो आणि मोबाइल खिशात टाकतो. त्या तारखेमुळे आणखी काय काय हललं ते त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. शुद्धिपत्रकात न लिहिलेलं पण त्याच्यामुळे बदललेलं जे असतं, ते पकडण्यासाठीच टिपण करायचं. नाहीतर चार कागदांचा एक कागद करायला टायपिस्ट पुरे.

आधी एक आमच्या नागपूरची गंमत. कागदपत्रांत निविदा सूचनेला एनआयटी लिहितात आणि गावात एनआयटी म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास. माझ्या एका टिपणात "एनआयटीप्रमाणे" असं लिहिलं होतं, तर एक भाऊ खरंच सदरला प्रन्यासच्या कार्यालयात चौकशीला जाऊन आले. काम नगरपरिषदेचं होतं. तेव्हापासून मी "मूळ सूचना" असंच लिहितो. तुम्हीही तेच लिहा.

आता पद्धत. मी माझ्याकडे आलेलंच एक प्रकरण घेतो. कामाचं आणि कार्यालयाचं नाव देत नाही, आकडेही सोयीसाठी बदललेत. गुंतागुंत मात्र जशीच्या तशी आहे. उंच जलकुंभ आणि वितरण वाहिनीचं काम, बी-2 म्हणजे बाबनिहाय दराची निविदा, महाटेंडर्सवर दोन लिफाफ्यांत. मूळ सूचना 5 मेची. अंदाजपत्रकीय रक्कम 8.40 कोटी, बयाणा रक्कम 8.40 लाख, निविदापूर्व बैठक 14 मे, सादर करण्याची शेवटची वेळ 26 मे दुपारी 3. निविदेची वैधता शेवटच्या तारखेपासून 120 दिवस. पात्रतेसाठी मागच्या सात वर्षांत अंदाजपत्रकीय रकमेच्या 80 टक्क्यांचं एक, किंवा 50 टक्क्यांची दोन, किंवा 40 टक्क्यांची तीन समान कामं.

त्यानंतर आलं ते असं. पहिलं शुद्धिपत्रक 12 मेला: बैठक 14 ऐवजी 19 मे. दुसरं 24 मेला: सादर करायला 5 जूनपर्यंत मुदत, सुधारित बीओक्यू, अंदाजपत्रकीय रक्कम 8.72 कोटी, आणि बैठकीतल्या प्रश्नोत्तरांचा कागद, म्हणजे आपण ज्याला सीएसडी म्हणतो तो कॉमन सेट ऑफ डिव्हिएशन. तिसरं 3 जूनला: "दि. 26 मे ऐवजी दि. 12 जून असे वाचावे", सोबत नवीन वेळापत्रकाचं एक पान. चौथं 10 जूनला, त्याच्याकडे नंतर येतो.

तुम्ही बहुतेक टिपण शुद्धिपत्रकाच्या क्रमाने लिहीत असाल: पहिल्यात हे बदललं, दुसऱ्यात ते. सगळे तसंच करतात, मीही कित्येक वर्षं केलं. तो इतिहास झाला. ठेकेदाराला आज लागू असलेली अट पाहिजे. म्हणून टिपण मूळ सूचनेच्या कलमांच्या क्रमाने करा. मूळ सूचना समोर ठेवायची, एकेक कलम घ्यायचं आणि प्रत्येकासमोर तीनच गोष्टी लिहायच्या: आज लागू काय, ते कोणत्या कागदातून आलं, आणि ते कशावर अवलंबून आहे. मेलेल्या तारखा वरच्या भागात अजिबात नकोत. "26 मे, मग 5 जून, मग 12 जून" असं एका ओळीत लिहिलं की घाईत वाचणारा मधलीच उचलतो. जुन्या तारखा टिपणाच्या तळाशी, बारीक अक्षरात, ज्याला पाहिजे त्याने पाहाव्यात.

तिसरी गोष्ट, म्हणजे "कशावर अवलंबून", ही सगळ्यांत महत्त्वाची. तारखा दोन जातीच्या असतात. काही सुट्या: निविदापूर्व बैठक, प्रश्न पाठवण्याची मुदत. या कागदावर जशा लिहिल्या तशाच राहतात, दुसरी हलली म्हणून आपोआप हलत नाहीत. काही बांधलेल्या: "निविदा सादर करण्याच्या अंतिम दिनांकापासून इतके दिवस" अशा शब्दांत लिहिलेल्या. शुद्धिपत्रकात त्यांचा उल्लेखही नसतो, तरी गाय सरकली की दोरीला बांधलेलं वासरू सरकतं तशा त्या सरकतात. मूळ सूचना पहिल्यांदा वाचताना हातात हायलाइटर घ्या आणि "पासून", "पूर्वी", "नंतर", "अखेर" हे शब्द जिथे दिसतील तिथे रंगवा. त्या रंगवलेल्या जागा म्हणजे तुमच्या बांधलेल्या तारखा. साठ-सत्तर पानांच्या संचात त्या फार तर आठ-दहा निघतात.

आपल्या प्रकरणात सगळ्यांत महागडी बांधलेली तारीख बँक हमीची होती. मूळ सूचनेत बयाणा रक्कम फक्त ऑनलाइन भरायची होती. सीएसडीत सातव्या प्रश्नाला उत्तर आलं: "अनुसूचित बँकेची हमी मान्य." म्हणजे एक अट बदलली, आणि तिच्याबरोबर आत्तापर्यंत झोपलेलं एक वाक्य जागं झालं. संचाच्या मागच्या भागात छापील मजकूर होता की बँक हमी दिल्यास ती निविदेच्या वैधतेनंतर 45 दिवस चालू असावी. (हे 45 दिवस केंद्राच्या जीएफआर 2017 मधल्या नियम 170 मध्येही आहेत, त्यामुळे बऱ्याच निविदांत हाच आकडा भेटतो. तरी दर वेळी संचात बघूनच लिहा.)

आता मोजा. 26 मेपासून 120 दिवस म्हणजे 23 सप्टेंबर, त्यावर 45 म्हणजे 7 नोव्हेंबर. शेवटची तारीख 5 जून झाली तेव्हा ते 3 ऑक्टोबर आणि 17 नोव्हेंबर झालं. 12 जूनला आलो तेव्हा 10 ऑक्टोबर आणि 24 नोव्हेंबर. दुसऱ्या शुद्धिपत्रकानंतर ज्याने लगेच सीताबर्डीच्या शाखेत जाऊन हमी काढली, त्याची हमी तिसऱ्या शुद्धिपत्रकाने बसल्या जागी सात दिवसांनी तोकडी केली. त्या शुद्धिपत्रकात बँक हमी हा शब्दसुद्धा नव्हता.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आठ-नऊ वर्षांपूर्वी माझ्याच हातून असं झालं. मुदतवाढ आली आणि मी सगळ्यांना व्हॉट्सॅपवर टाकलं, "मुदत वाढली, घाई करू नका." कामठीकडच्या एका ठेकेदाराची हमी तयार होती, त्याने तीच लावली. पहिला लिफाफा उघडला तेव्हा अकरा दिवस कमी भरले आणि तो तिथेच बाद. तो माझ्याकडे आला, चहा घेतला आणि एवढंच म्हणाला, "भाऊ, घाई करू नका तुम्हीच म्हटलं होतं." त्यानंतर मी तारखा बोटांवर मोजणं सोडलं. एक्सेलमध्ये एक पान कायमचं करून ठेवलंय, A2 मध्ये सादर करण्याची शेवटची तारीख टाकायची, बाकीचं तेच काढतं:

```
B2:  =A2+120
C2:  =B2+45
```

B2 वैधता, C2 हमी. दिवसांचे आकडे प्रत्येक निविदेप्रमाणे बदला. आणि कलमातला आरंभबिंदू नीट वाचा. काही संचांत वैधता सादर करण्याच्या तारखेपासून असते, काहींत उघडण्याच्या तारखेपासून. इथे उघडण्याची तारीख पोर्टलवर 15 जून होती. तिच्यापासून मोजलं असतं तर तीन दिवस पुढे गेलं असतं. ठेकेदाराला मी टिपणात किमान तारीख लिहून देतो आणि खाली एक ओळ टाकतो: हमी महिनाभर जास्तीची काढा. बँकेकडून मुदतवाढीची दुरुस्ती करून घ्यायला दोन-तीन दिवस सहज जातात, आणि शुद्धिपत्रकं शेवटच्या दोन-तीन दिवसांतच यायची खोड असते.

बांधलेल्या तारखा नेहमीच हलतात असंही नाही, आणि इथे अनुभवी माणूसही चुकतो. समान कामाचं कलम घ्या. या निविदेत शब्द होते: "निविदा मागविण्यात आलेल्या महिन्याच्या लगतपूर्व महिन्याच्या अखेरपर्यंतची सात वर्षे." निविदा मे महिन्यात मागवली, म्हणून खिडकी 30 एप्रिलला बंद. सादर करायची तारीख जूनमध्ये गेली तरी मागवण्याचा महिना मेच राहिला. आमच्या एका ठेकेदाराचं काम 18 मेला पूर्ण झालं, दाखला हातात, आणि मुदत वाढली म्हटल्यावर त्याला वाटलं की आता हे काम धरता येईल. नाही येत. कलमात "सादर करण्याच्या अंतिम दिनांकाच्या लगतपूर्व महिना" असं असतं, तर खिडकी 31 मेपर्यंत सरकली असती आणि त्याचं काम बसलं असतं. दोन कलमं ऐकायला सारखी वाटतात, म्हणून अशा कलमाचा मजकूर टिपणात आपल्या शब्दांत लिहू नका. जसाच्या तसा उतरवा आणि खाली तुमचा अर्थ वेगळ्या ओळीत द्या.

काम 12 महिन्यांचं होतं आणि भाववाढीचं कलम नव्हतं, म्हणून ती डोकेदुखी इथे आली नाही. जिथे ते कलम असतं तिथे पायाभूत निर्देशांक कोणत्या महिन्याशी बांधलाय ते बघा. शेवटची तारीख मेमधून जूनमध्ये गेली की तोही हलू शकतो.

आता तिसऱ्या शुद्धिपत्रकाकडे या. "26 मे ऐवजी 12 जून" असं त्यात लिहिलंय. 26 मे ही तारीख तर दुसऱ्या शुद्धिपत्रकानेच संपली होती. लिहायला पाहिजे होतं "5 जून ऐवजी". वरवर बघितलं तर फरक पडत नाही, 12 जून हे स्पष्ट आहे. पण माझे कान तिथेच टवकारतात. याचा अर्थ शुद्धिपत्रक लिहिणाऱ्याने समोर मूळ सूचना ठेवून मसुदा केला, दुसरं शुद्धिपत्रक बघितलंच नाही. मग त्याच्या बाकीच्या मजकुरातही जुना माल आला असणार. सोबतच्या वेळापत्रकाच्या पानावर बघितलं, तर मथळ्यात कामाच्या नावाखाली लिहिलं होतं: अंदाजपत्रकीय रक्कम 8.40 कोटी.

आता काय धरायचं? दुसऱ्यात 8.72, नंतरच्या तिसऱ्यात 8.40. "शेवटचा कागद खरा" हा नियम डोळे मिटून लावला तर रक्कम परत 8.40 होते. मला तसं वाटत नव्हतं. तिसऱ्या शुद्धिपत्रकाचा विषय फक्त तारीख होता, रक्कम मथळ्यात नक्कल होऊन आली होती, आणि सुधारित बीओक्यू मागे घेतलं नव्हतं. पण मला काय वाटतं यावर ठेकेदाराचा पैसा लावता येत नाही, कारण या एका आकड्यावर पात्रता उभी होती. 8.40 कोटीचे 80 टक्के म्हणजे 6.72 कोटी. 8.72 कोटीचे म्हणजे 6.976, जवळपास 6.98 कोटी. आमच्या एका ठेकेदाराचं एकच मोठं काम होतं, 6.80 कोटीचं. एका आकड्याने तो आत, दुसऱ्याने बाहेर. त्याचं दुसरं काम 4.10 कोटीचं, म्हणजे 50 टक्क्यांच्या दोन कामांतही तो बसत नव्हता. 40 टक्क्यांच्या वाटेला तिसरं कामच नव्हतं.

अशा जागेसाठी टिपणात एक वेगळा कोपरा ठेवा, मी त्याला "न सुटलेलं" म्हणतो. त्यात दोन्ही आकडे, कोणत्या कागदात कोणता, आणि त्यामुळे काय बदलतं ते लिहायचं. आपला अंदाज लिहायला हरकत नाही, पण अंदाज म्हणून. टिपण करणाऱ्याला विसंगती दिसली की ती मिटवून एकच आकडा द्यायचा मोह होतो, कारण टिपण स्वच्छ दिसतं. ठेकेदार मग त्या स्वच्छ आकड्यावर हमी काढतो.

दुसरीकडे, कार्यालयाला विचारा. पोर्टलवरची प्रश्न पाठवण्याची मुदत तोवर संपलेली होती, म्हणून मी 4 जूनला ईमेल केला आणि त्याची प्रत सिव्हिल लाइन्सच्या कार्यालयात नेऊन आवक शिक्का घेतला. ईमेलमध्ये "खुलासा करावा" असं मोघम लिहू नका. हो किंवा नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्न करा. मी दोनच विचारले: शुद्धिपत्रक क्र. 3 च्या मथळ्यातली 8.40 कोटी ही रक्कम शुद्धिपत्रक क्र. 2 मधल्या 8.72 कोटीच्या जागी लागू समजायची का? आणि 8.72 लागू असल्यास बयाणा रक्कम 8.40 लाख राहील की 8.72 लाख होईल? फोनवर बाबूने "8.72च धरा हो" असं सांगितलं. तेही टिपणात गेलं नाही. तोंडी उत्तर छाननी समितीसमोर दाखवता येत नाही. तो प्रश्न "न सुटलेलं" मध्येच राहतो.

सीएसडीबद्दलही इथेच सांगतो. त्यात बावीस प्रश्न होते आणि खरे बदल तीनच. "निविदेतील अटीनुसार" असं उत्तर असेल तर काहीच बदललं नाही, ते टिपणात घेऊ नका. "विचार करण्यात येईल" म्हणजेही काही बदललं नाही; ते पुढच्या शुद्धिपत्रकात येतं का ते बघायचं. "मान्य" किंवा "असे वाचावे" असं उत्तर असेल तरच कलम बदललं. आणि सीएसडी निविदेचा भाग आहे असं त्यात किंवा शुद्धिपत्रकात लिहिलंय का, ते एकदा तपासा.

चौथं शुद्धिपत्रक 10 जूनला सायंकाळी आलं. चार ओळींचं. अंदाजपत्रकीय रक्कम 8.72 कोटी, बयाणा रक्कम 8.40 लाख कायम, सुधारित बीओक्यू अपलोड केले आहे, इतर अटी व तारखा कायम. माझे दोन्ही प्रश्न सुटले, आणि बघा कसे सुटले: रक्कम वाढली म्हणून पात्रतेची पातळी वर गेली, पण बयाणा जिथल्या तिथे राहिला. एक टक्क्याचा हिशेब स्वतः करून 8.72 लाख लिहिले असते तर चूक झाली असती. टक्क्यात लिहिलेली अट रकमेबरोबर हलते, आकड्यात लिहिलेली हलत नाही. पात्रतेचं कलम टक्क्यात होतं, बयाणा आकड्यात.

"सुधारित बीओक्यू अपलोड केले आहे" या ओळीत काय बदललं ते लिहिलेलं नव्हतं. असं असलं की दोन्ही एक्सेल फाइली शेजारी ठेवून स्वतः बघायचं, दुसरा मार्ग नाही. मूळ फाइलला हात लावू नका; पोर्टल ठेकेदाराकडून तीच मागतं आणि तिच्यात बदल झालेला दिसला तर निविदा बाद होऊ शकते. दोन्हींमधला मजकूर नवीन कोऱ्या पानावर फक्त व्हॅल्यू म्हणून पेस्ट करा: डाव्या बाजूला जुनी वर्णन आणि परिमाण, म्हणजे B आणि C, उजव्या बाजूला नवी, F आणि G. मग रिकाम्या रकान्यात:

```
=IF(AND(TRIM(B2)=TRIM(F2),C2=G2),"","बदल")
```

हे खालपर्यंत ओढलं की बदललेल्या ओळी उठून दिसतात. मध्येच एखादी बाब नवीन घातली असेल तर तिथून खाली सगळीकडे "बदल" येईल. तेव्हा घाबरू नका, डाव्या बाजूचा मजकूर तिथून एक ओळ खाली सरकवा आणि सूत्र पुन्हा वरपासून ओढा. आपल्या प्रकरणात एकच ओळ निघाली: स्लूस व्हॉल्व्हच्या एका बाबीचं परिमाण 12 चं 21 झालं होतं. आधी आकडे उलटे टाइप झाले असणार. ज्याने 24 मेच्या बीओक्यूवर दर काढून ठेवले होते, त्याच्या एकूण रकमेत नऊ व्हॉल्व्ह कमी होते.

यापेक्षा मोठी अडचण त्याची, ज्याने 10 तारखेच्या आधीच निविदा सादर करून टाकली होती. बीओक्यूची फाइल बदलली की जुनी फाइल लावलेल्या निविदेवर अवलंबून राहू नये. नवीन फाइल उतरवून, भरून, मुदतीच्या आत पुन्हा सादर करायची. पोर्टल शेवटच्या वेळेपर्यंत पुन्हा सादर करू देतं. पण इथे एक सापळा आहे आणि तो टिपणात ठळक लिहा: निविदा विथड्रॉ करू नका. विथड्रॉ केली की त्या निविदेत परत भाग घेता येत नाही. "जुनी काढतो आणि नवीन टाकतो" म्हणून विथड्रॉचं बटण दाबणारे मी पाहिले आहेत.

आमचं 10 जूनला गेलेलं टिपण साधारण असं होतं:

> सद्यस्थिती टिपण, आवृत्ती 4
> आधार: मूळ सूचना, शुद्धिपत्रक 1 ते 4, सीएसडी. पोर्टल पाहिलं: 10 जून, सायं. 5.40.
> सादर करण्याची शेवटची वेळ: 12 जून, दु. 3.00 (शुद्धि. 3)
> पहिला लिफाफा उघडणे: 15 जून, दु. 3.00 (पोर्टल, शुद्धिपत्रकात उल्लेख नाही)
> अंदाजपत्रकीय रक्कम: 8.72 कोटी (शुद्धि. 2, खात्री शुद्धि. 4)
> बयाणा रक्कम: 8.40 लाख, बदल नाही (शुद्धि. 4). ऑनलाइन किंवा बँक हमी (सीएसडी प्रश्न 7)
> वैधता: 10 ऑक्टोबरपर्यंत. बँक हमी किमान 24 नोव्हेंबरपर्यंत (आम्ही मोजलेलं)
> समान काम: एक 6.976 कोटी, किंवा दोन प्रत्येकी 4.36 कोटी, किंवा तीन प्रत्येकी 3.488 कोटी (आम्ही मोजलेलं). खिडकी 30 एप्रिललाच बंद, हललेली नाही
> बीओक्यू: 10 जूनची फाइल. 24 मेची वापरू नये. फरक: स्लूस व्हॉल्व्ह 12 ऐवजी 21
> न सुटलेलं: मूळ बँक हमी कार्यालयात जमा करण्याची तारीख संचाच्या मागच्या भागात 27 मे, कुठेच बदललेली नाही. 11 जूनला सकाळी विचारणार. तोवर 12 जूनला दुपारी 3 च्या आत द्यावी.

"आम्ही मोजलेलं" हे शब्द गाळू नका. कार्यालयाने लिहिलेलं आणि तुम्ही हिशेबाने काढलेलं यांत फरक दिसला पाहिजे, म्हणजे ठेकेदाराला किंवा त्याच्या सीएला पडताळून बघता येतं. शेवटची ओळही बघा. 27 मे ही सुटी, म्हणजे कशालाही न बांधलेली तारीख होती, कोणाच्याच लक्षात आली नाही आणि मुदत गेल्यावरही संचात तशीच पडून होती. अशा मेलेल्या तारखा शोधायला सोपी युक्ती: टिपण झालं की मूळ सूचनेतल्या आणि संचातल्या सगळ्या तारखांवरून एकदा बोट फिरवा. आजच्या आधीची, पण अजून व्हायच्या गोष्टीची तारीख दिसली की ती "न सुटलेलं" मध्ये.

पोर्टलची वेळ लिहिण्याचं कारण सांगायलाच नको. सकाळचं टिपण संध्याकाळी जुनं होतं. निविदेच्या पानावर Latest Corrigendum List हा तक्ता असतो, तो आणि Critical Dates हा भाग, दोन्ही बघा. पीडीएफमध्ये एक तारीख आणि Critical Dates मध्ये दुसरी असं कधी कधी निघतं. सादर करण्याचं दार पोर्टलच्या घड्याळाने बंद होतं, पीडीएफमध्ये काहीही लिहिलेलं असो. म्हणून दोन्हींत फरक असेल तर लवकरची तारीख पाळायला सांगा आणि कार्यालयाला कळवा. वर्तमानपत्राच्या भरवशावर राहू नका. बहुतेक सूचनांत लिहिलेलंच असतं की शुद्धिपत्रकं फक्त संकेतस्थळावर येतील. ठेकेदाराच्या लॉगिनमधून निविदा My Tenders मध्ये घेऊन ठेवली तर शुद्धिपत्रकाचा एसएमएस किंवा ईमेल येतो. तो येतो म्हणून बघणं सोडू नका, शेवटचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ स्वतः बघा.

पाठवताना प्रत्येक आवृत्ती पूर्ण पाठवा, "आवृत्ती 3 मध्ये एवढा बदल" असा तुकडा नको. फाइलच्या नावात आवृत्ती आणि तारीख दोन्ही ठेवा. व्हॉट्सॅपवर जुनी आवृत्ती "डिलीट फॉर एव्हरीवन" करता आली तर करा. नाहीतर संदेशात पहिली ओळ "आधीची सगळी टिपणं रद्द" अशी टाका. आणि हमी, पात्रता किंवा बीओक्यू यांपैकी काही हललं असेल तर ज्याला ते लागतं त्याला फोन करा. त्या 6.80 कोटीवाल्या भावाला मी 3 जूनलाच फोन करून सांगितलं होतं की अजून सुटलेलं नाही, हमीचे पैसे अडकवू नका. 10 तारखेला पुन्हा फोन केला आणि सांगितलं की बसत नाही. तो नाराज झाला, पण बँकेत गेला नव्हता.

12 जूनला 3 वाजले म्हणून फाइल बंद करू नका. उघडण्याची तारीख नंतरही पुढे जाते, आणि छाननी लांबली की कार्यालय वैधता वाढवून मागतं. ते पत्र आलं की आवृत्ती 5 काढा, A2 ऐवजी B2 मध्ये नवीन तारीख टाका आणि हमीची तारीख परत बघा.